A आणि B बरोबर, उत्तर मात्र चूक: अंशाधिक परिमेय राशीचं एक प्रकरण

बारावीच्या बॅचला पार्शल फ्रॅक्शन शिकवून दोन दिवस झाले होते. तिसऱ्या दिवशी फळ्यावर एकच गणित लिहिलं आणि वह्या गोळा करतो म्हणून सांगितलं. गणित असं:

```
∫ (2x³ − 7x − 13) / (x² − x − 6) dx
```

गणितात सापळा आहे हे मला माहीत होतं. अंशाची कोटी 3, छेदाची 2, म्हणजे आधी भागाकार करायला हवा. ज्यांच्या हे लक्षात येणार नाही ते मध्येच कुठेतरी अडकतील आणि आपोआप मागे फिरतील, असा माझा अंदाज होता. तो साफ चुकला. कुणीच अडकलं नाही. प्रत्येकाला काही ना काही उत्तर मिळालं. त्यातल्या तीन वह्या मी बाजूला काढल्या, कारण तिघांची उत्तरं वेगवेगळी होती आणि तिन्ही चुका मिळून भागाकार नेमकं काय काम करतो ते दिसत होतं.

पहिली वही एका मुलीची. तिने छेदाचे अवयव पाडले, (x − 3)(x + 2), आणि थेट मांडणी केली:

```
(2x³ − 7x − 13) / ((x − 3)(x + 2)) = A/(x − 3) + B/(x + 2)
```

पुढे तिने झाकण्याची पद्धत वापरली. छेदातला (x − 3) बोटाने झाकायचा आणि उरलेल्या राशीत x = 3 ठेवायचं. अंश 54 − 21 − 13 = 20, उरलेला छेद 5, म्हणून A = 4. मग (x + 2) झाकून x = −2 ठेवलं. अंश −16 + 14 − 13 = −15, छेद −5, म्हणून B = 3. उत्तर लिहिलं 4 log|x − 3| + 3 log|x + 2| + c. खाडाखोड नाही, अपूर्णांक नाहीत, आकडे गोड. परीक्षेत असे आकडे आले की मुलांना वाटतं गणित सुटलंच. शिक्षकांनीच गोड आकड्यांची सवय लावून ठेवलेली असते, त्यामुळे त्यात तिचा दोष नाही.

दुसरी वही एका मुलाची. मांडणी तीच, पण त्याला झाकाझाकी आवडत नाही. तो दोन्ही बाजूंना छेदाने गुणून सहगुणकांची तुलना करतो. त्याने लिहिलं:

```
2x³ − 7x − 13 = A(x + 2) + B(x − 3)
```

x चे सहगुणक जुळवून A + B = −7, स्थिर पदं जुळवून 2A − 3B = −13. या दोन समीकरणांतून A = −34/5 आणि B = −1/5 आले. x³ चा सहगुणक डावीकडे 2 आहे आणि उजवीकडे x³ चा पत्ताच नाही, म्हणजे 2 = 0 असं होतं. याबद्दल वहीत एक अक्षर नव्हतं. अज्ञातं दोन, समीकरणं दोन, उत्तर मिळालं, झालं.

तिसऱ्या वहीत भागाकार केलेला होता. फक्त त्यातही गडबड होती. तिकडे नंतर येतो.

आता पहिल्या दोघांकडे बघा. दोघांनी एकच ओळ लिहून सुरुवात केली, दोघांच्या आकडेमोडीत एकही चूक नाही, तरी एकाला A = 4 मिळालं आणि दुसऱ्याला −34/5. वर्गात मी दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या तेव्हा कुजबुज सुरू झाली. 'सर, यांतलं बरोबर कुठलं?' कुणीतरी विचारलं. मी म्हटलं, पडताळा घ्या. x = 0 ठेवा, सगळ्यांत सोपं.

मूळ राशीची किंमत −13/−6, म्हणजे 13/6. मुलीच्या मांडणीत 4/(−3) + 3/2, म्हणजे 1/6. जुळलं नाही. तिचा चेहरा पडला. मग मुलाचं तपासलं: (−34/5)/(−3) + (−1/5)/2, म्हणजे 34/15 − 1/10 = 65/30 = 13/6. तंतोतंत जुळलं. तो मागच्या बाकावरून म्हणाला, 'माझं बरोबर आहे सर, आकडे वाकडे आले म्हणून मीच घाबरलो होतो.'

खरं सांगायचं तर त्या क्षणी मीही थबकलो. त्याचं उत्तर चूक आहे हे ठाऊक होतं, पण x = 0 चा पडताळा त्याला पास करेल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मग म्हटलं, आता x = 4 ठेव. मूळ राशीत अंश 128 − 28 − 13 = 87, छेद 6, किंमत 14.5. त्याच्या मांडणीत −34/5 − 1/30, म्हणजे साधारण −6.83. चिन्हसुद्धा जुळेना.

असं का झालं ते त्यानेच शोधावं म्हणून मी त्याला एवढंच सांगितलं की तुझे दोन अपूर्णांक परत एकत्र कर. त्याने केले. अंश आला −7x − 13. म्हणजे सहगुणक जुळवताना त्याने मूळ अंशातलं 2x³ गुपचूप टाकून दिलं होतं आणि उरलेल्या −7x − 13 या अंशाचं गणित अगदी बिनचूक सोडवलं होतं. x = 0 ला 2x³ ची किंमत शून्यच असते, म्हणून तिथे काहीच हरवल्यासारखं दिसलं नाही. शिवाय त्याने स्थिर पदं जुळवून जे समीकरण मांडलं होतं ते म्हणजेच x = 0 चं समीकरण. ज्या किमतीवरून उत्तर काढलं तीच किंमत पडताळ्याला घेतली, तर ती जुळणारच. पडताळा कोऱ्या किमतीने घ्यायचा: जी सोडवताना वापरलेली नाही आणि जिने छेद शून्य होत नाही, अशा किमतीने.

आता मुलीची वही. माझ्या मते या प्रकरणाचा गाभा तिथे आहे. तिची सुरुवातीची मांडणी चूक, म्हणून बहुतेकांनी गृहीत धरलं की तिचे A आणि B सुद्धा चुकलेले असणार. पण ते चुकलेले नाहीत. योग्य रीतीने भागाकार करून सोडवलं तरी A = 4 आणि B = 3 च येतात. ते बघण्यासाठी आधी भागाकार करू:

```
                 2x  + 2
            ________________________
x² − x − 6 | 2x³ + 0x² −  7x − 13
             2x³ − 2x² − 12x
             ---------------
                   2x² +  5x − 13
                   2x² −  2x − 12
                   --------------
                          7x −  1
```

भागाकार 2x + 2, बाकी 7x − 1. बाकीची कोटी 1, भाजकाची 2, म्हणजे इथे थांबायचं. आता राशी अशी लिहिता येते:

```
(2x³ − 7x − 13)/(x² − x − 6) = 2x + 2 + (7x − 1)/((x − 3)(x + 2))
```

उजवीकडचा अपूर्णांक आता छेदाधिक आहे, म्हणजे अंशाची कोटी छेदाच्या कोटीपेक्षा लहान आहे. त्याचे आंशिक अपूर्णांक करायचे. (x − 3) झाकून 20/5 = 4, (x + 2) झाकून −15/−5 = 3. तेच 4 आणि तेच 3. आणि नीट बघा, अंशसुद्धा तेच 20 आणि −15 आले.

हा योगायोग नाही. भागाकार म्हणजे भाज्य = भाजक × भागाकार + बाकी. इथे

```
2x³ − 7x − 13 = (x² − x − 6)(2x + 2) + (7x − 1)
```

x = 3 ठेवलं की भाजक शून्य होतो, मग त्याला गुणलेला भागाकार कितीही मोठा असो, ते अख्खं पद नाहीसं होतं. उरते फक्त बाकी. म्हणून छेदाच्या मुळांवर मूळ अंश आणि बाकी यांची किंमत एकच असते. नववीत शेष सिद्धांत शिकताना हेच शिकलेलो असतो, फक्त तिथे भाजक एकघाती (x − a) असतो. झाकण्याची पद्धत छेदाच्या मुळांपलीकडे कुठे बघतच नाही, त्यामुळे राशी अंशाधिक आहे की छेदाधिक हे तिला कळायला मार्गच नाही. ती दोन्हींना तेच A आणि B देते. अंशाधिक राशीत जे वरचं 2x + 2 आहे ते त्या मुळांवर अदृश्य असतं, आणि म्हणून ते हरवलं तरी गणित ओरडत नाही.

सहगुणकांच्या पद्धतीत निदान 2 = 0 असा आवाज येतो. मुलाने तो ऐकला नाही, ही गोष्ट वेगळी. झाकण्याच्या पद्धतीत आवाजही येत नाही. ही पद्धत ऑलिव्हर हेविसाइड या इंग्रज अभियंत्याच्या नावाने ओळखली जाते. ती झटपट आहे आणि मी स्वतः तीच वापरतो. पण ती वापरायची असेल तर कोटीचा हिशोब आधी स्वतः करावा लागतो, पद्धत तो करून देत नाही.

मुलीने विचारलं, 'म्हणजे सर, माझं उत्तर फक्त x² + 2x ने चुकलं?' हो, फक्त तेवढ्यानेच. बरोबर उत्तर:

```
x² + 2x + 4 log|x − 3| + 3 log|x + 2| + c
```

पण हे 'फक्त' केवढं आहे ते दाखवायला मी मर्यादा घातल्या. x = 4 ते x = 5 एवढंच क्षेत्रफळ काढा म्हटलं. मूळ राशीची किंमत x = 4 ला 14.5, x = 4.5 ला साधारण 14.13, x = 5 ला साधारण 14.43. म्हणजे रुंदी 1 आणि उंची सगळीकडे चौदाच्या थोडी वर. क्षेत्रफळ चौदाच्या आसपासच असायला हवं, हे इंटिग्रेशन न करताही दिसतं. तिच्या उत्तरातून येतं 4 log 2 + 3 log(7/6), म्हणजे 3.235. बरोबर उत्तरात त्यात x² + 2x चे 35 − 24 = 11 मिळवायचे, म्हणजे 14.235. चौदा फूट उंच भिंतीला सव्वातीन फुटांचा रंग पुरतो का, असं मी विचारलं आणि वर्ग हसला.

दूर जाऊन बघितलं तर फरक आणखी उघड होतो. x = 100 ला मूळ राशी साधारण 202.07 आहे. तिची मांडणी सांगते 0.07. A/(x − 3) आणि B/(x + 2) ही दोन्ही पदं x वाढला की शून्याकडे जातात, त्यांची बेरीजही शून्याकडेच जाणार. मूळ राशी मात्र 2x + 2 या रेषेला चिकटून वर चढते. शून्याकडे जाणाऱ्या दोन पदांची बेरीज चढत्या राशीइतकी कधीच होऊ शकत नाही, मग A आणि B काहीही घ्या. अंशाधिक राशीला भागाकार का लागतो याचं मला पटलेलं सर्वांत छोटं कारण हेच आहे. छेदाची मुळं जवळचं वर्तन ठरवतात आणि ते आंशिक अपूर्णांकांत येतं. दूरचं वर्तन भागाकारात येतं. एकाचं काम दुसरा करत नाही.

पाचवीत 17/5 चे 3 पूर्णांक 2 छेद 5 केलेले सगळ्यांना आठवतात. तिथे अंश छेदापेक्षा मोठा आहे की नाही हे संख्येच्या आकारावरून ठरतं. इथे आकार म्हणजे कोटी. मुलं इथे एक हमखास चूक करतात: 50x/(x² + 1) बघून म्हणतात अंश मोठा आहे. सहगुणक कितीही मोठा असला तरी कोटी 1 ती 1च, ही राशी छेदाधिकच आहे. आणि कोटी समान असली तर? 17/17 जसा पूर्ण 1 होतो, तसा समान कोटीलाही एकदा भाग जातोच. बरोबरी म्हणजे अंशाधिकच समजायचं. सगळ्यांत जास्त मुलं घसरतात ती इथेच, कारण 'मोठी असेल तर भागा' एवढंच लक्षात राहिलेलं असतं.

आता तिसरी वही. याला भागाकार करायचा हे आठवलं होतं. पण त्याने भाज्य 2x³ − 7x − 13 असं तीन पदांत लिहिलं, x² ची जागा रिकामी न सोडता. खाली 2x ने गुणून आलेलं 2x³ − 2x² − 12x लिहिलं, रांगेला रांग लावली आणि वजाबाकी केली. −7x च्या खाली −2x² आलं, −13 च्या खाली −12x आलं. हात वळणाचा झालेला असल्यामुळे डोळ्यांनी फक्त सहगुणक वाचले: −7 + 2 = −5, −13 + 12 = −1. बाकी −5x − 1. कोटी 1 झाली, भागाकार संपला असं वाटलं. भागाकार 2x आणि बाकी −5x − 1 घेऊन पुढे सगळं शिस्तीत, A = −16/5, B = −9/5.

ही चूक पकडायला वर सांगितलेलीच गोष्ट पुरते. छेदाच्या मुळावर बाकी आणि मूळ अंश सारखे यायला हवेत. x = 3 ला मूळ अंश 20. त्याची बाकी −15 − 1 = −16. नापास. माझी बाकी 21 − 1 = 20, पास. x = −2 ला मूळ अंश −15, माझी बाकी −14 − 1 = −15, पास. बाकीची कोटी 1 असल्यामुळे दोन ठिकाणी जुळली म्हणजे ती पक्की झाली, कारण दोन बिंदूंतून एकच रेषा जाते. पण यात भागाकार तपासला जात नाही, फक्त बाकी तपासली जाते. भागाकारासाठी कोरी किंमतच हवी. x = 1 घ्या: मूळ राशी −18/−6 = 3, आणि उजवीकडे 4 + 4/(−2) + 3/3 = 3. जमलं.

त्या मुलाला मी नववीची संश्लेषक भागाकार पद्धत आठवते का विचारलं. तिथे बहुपदी सहगुणक रूपात लिहायची सवय लावतात, (2, 0, −7, −13), आणि गैरहजर पदाचा 0 हजेरीपटावर येतोच. 'पण सर, ती (x − a) ने भागायला असते. इथे तर भाजकाची कोटी दोन आहे.' शंका रास्त होती. पण आपला भाजक अवयवांत सुटलेला आहे, तर एका अवयवाने भागायचं आणि आलेल्या भागाकाराला दुसऱ्या अवयवाने:

```
 3 |  2   0   −7   −13
   |      6   18    33
   -------------------
      2   6   11 |  20

−2 |  2   6   11
   |     −4   −4
   -------------
      2   2 |  7
```

पहिल्या फेरीत भागाकार 2x² + 6x + 11 आणि बाकी 20. दुसऱ्या फेरीत भागाकार 2x + 2 आणि बाकी 7. पहिल्या फेरीतलं 20 म्हणजे मूळ अंशाची x = 3 ची किंमतच आहे, ते जाता जाता मिळालं. दोन्ही बाक्या एकत्र करताना मात्र सांभाळावं लागतं. दुसरी बाकी 7 ही (x − 3) काढल्यानंतरची आहे, म्हणून एकूण बाकी 7(x − 3) + 20, म्हणजे 7x − 1. नुसतं 7 + 20 करणारे महाभाग दर वर्षी एखाददुसरे भेटतात. छेदाचे अवयव पडत नसतील, समजा x² + x + 1 असेल, तर ही वाट बंद. मग मोठा भागाकारच करायचा.

मला स्वतःला मिळवून वजा करण्याची रीत जास्त आवडते. अंशातच छेद जसाच्या तसा उभा करायचा:

```
2x³ − 7x − 13 = 2x(x² − x − 6) + 2x² + 5x − 13
              = 2x(x² − x − 6) + 2(x² − x − 6) + 7x − 1
```

भागाकारच आहे, फक्त आडवा लिहिलेला. कोटीत एकाचा फरक असेल तोपर्यंत तो चांगला चालतो. चौथ्या-पाचव्या कोटीचा अंश आला की ओळी लांबतात आणि चिन्हं निसटतात, तेव्हा मुकाट्याने उभा भागाकार मांडावा.

अंशाधिकपणा ओळखणं हे या गणितात सोपं होतं, कारण दोन्ही बहुपद्या उलगडलेल्या होत्या. तो लपतो ते गुणाकाराच्या रूपात. उदाहरणार्थ

```
(x² + 2)(x² + 5) / ((x² + 1)(x² + 3))
```

इथे वर-खाली अवयव बघून मुलं खूश होतात आणि x² = t घेऊन लगेच A/(t + 1) + B/(t + 3) लिहून मोकळी होतात. t मध्ये वर कोटी 2, खाली कोटी 2. समान, म्हणजे एकदा भाग जाणार. दोन्हीकडे t² चा सहगुणक 1, म्हणून भागाकार 1. झाकण्याच्या पद्धतीने t = −1 ला (1)(4)/2 = 2 आणि t = −3 ला (−1)(2)/(−2) = 1. राशी 1 + 2/(t + 1) + 1/(t + 3). तो पहिला 1 विसरला की इंटिग्रेशनमधला x जातो. पडताळा t = 0 चा घ्या: मूळ 10/3, आणि 1 + 2 + 1/3 = 10/3. इथे t = 0 कोरी किंमत आहे, म्हणून चालते.

हाच 1 पुढे इंजिनिअरिंगला गेल्यावर वेगळ्या वेषात भेटतो. लाप्लास रूपांतर उलटं करताना (s + 3)/(s + 1) सारखी राशी आली तर ती 1 + 2/(s + 1) आहे, आणि त्या 1 चं उलट रूपांतर म्हणजे काळ t = 0 ला बसलेला डेल्टा, एक क्षणिक धक्का. झाकण्याच्या पद्धतीने नुसता 2 काढून 2e⁻ᵗ लिहिलं तर घातांकी भाग बरोबर असतो आणि धक्का गायब. पहिल्या वहीतलीच चूक, फक्त तिथे बहुपदी गेली होती.

तास संपत आला तेव्हा पहिल्या वहीच्या मुलीने एक प्रश्न विचारला. मूळ अंश आणि बाकी छेदाच्या मुळांवर सारखेच असतील, तर बाकी काढायचीच कशाला? भागाकार 2x + 2 तेवढा शोधायचा, आणि A, B मूळ अंशावरूनच झाकून काढायचे. अर्धं काम वाचलं.

प्रश्न छान होता, आणि या गणितापुरतं तिचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. छेदाचे सगळे अवयव एकघाती आणि वेगवेगळे असतील तर बाकी न काढता उत्तर मिळतं. मी तिला शाबासकी दिली आणि घरी करायला एक छोटं गणित दिलं: x²/(x − 1)².

दुसऱ्या दिवशी तिने वही उघडून दाखवली. भागाकार 1, बरोबर. मांडणी 1 + A/(x − 1) + B/(x − 1)², बरोबर. x = 1 ठेवून B = 1, तेही बरोबर. आता A साठी दुसरं मूळ नाही, म्हणून तिने x = 0 ठेवलं आणि सवयीने मूळ अंशच वापरला: 0 = −A + 1, म्हणून A = 1. मग तिने स्वतःच x = 2 ची कोरी किंमत घेऊन पडताळलं होतं. मूळ राशी 4, तिची 1 + 1 + 1 = 3. त्याखाली पेन्सिलने प्रश्नचिन्ह.

'बाकी काढ,' मी म्हटलं. x² मधून x² − 2x + 1 वजा करून तिने लिहिलं 2x − 1. x = 1 ला बाकी 1, मूळ अंशही 1. x = 0 ला बाकी −1, मूळ अंश 0. दोन्ही आकडे शेजारी लिहून ती थोडा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, 'शून्य हे छेदाचं मूळच नाही ना सर. तिथे भागाकार गायब होत नाही.' −1 = −A + 1 लिहून A = 2 काढलं, x = 2 ला 1 + 2 + 1 = 4 आलं, आणि तिने प्रश्नचिन्ह खोडून टाकलं.